अप्पांच्या इनबॉक्सचा फोटो: कोणाला आधी उत्तर द्यायचं, याच्या नोंदी

३ नोव्हेंबर

आमची शेतकरी उत्पादक कंपनी औसा तालुक्यातली. सोयाबीन, तूर, हरभरा घ्यायचा, चाळायचा आणि लातूरच्या प्लांटांना द्यायचा, एवढाच धंदा. अध्यक्ष म्हणजे अप्पा. कंपनीचं जीमेल त्यांच्याच फोनवर आहे आणि पासवर्ड ते कोणालाच देत नाहीत. बँकेचे ओटीपी त्याच मेलवर येतात, त्यामुळे त्यांचं फारसं चुकतं असंही नाही. पण अप्पा सकाळी सातपासून वजनकाट्यावर असतात. मेल साचतात आणि मग एखादा प्लांटवाला फोन करून ओरडतो.

आज ठरलं. अप्पांनी रोज सकाळी इनबॉक्सचा स्क्रीनशॉट मला व्हॉट्सॲपवर टाकायचा. मी त्याची यादी करायची: आधी कोणाला, मग कोणाला, आणि प्रत्येकापुढे एका ओळीचं उत्तर. अप्पा ती ओळ चिकटवून पाठवणार. "मला मेल वाचायला टाइम कुठंय? तू फक्त काय लिहायचं ते सांग," एवढंच ते म्हणाले.

म्हणजे मला मेल उघडता येणार नाही. दिसेल ते फक्त बाहेरून: पाठवणाऱ्याचं नाव, विषय, मजकुराची पहिली ओळ आणि वेळ किंवा तारीख.

४ नोव्हेंबर

पहिली यादी केली आणि ती भिकार झाली.

एक तर फोटो धूसर होता. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की तो दाबला जातो आणि मराठी अक्षरांचे काने-मात्रे आधी जातात. मला १ आणि ९ वेगळे वाचता येईनात. आता अप्पांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला शिकवलंय. ते जमलं की निम्मी डोळेफोड वाचेल.

दुसरी चूक माझीच. ठळक अक्षरातले मेल वर घेतले आणि साध्या अक्षरातले खाली. ठळक म्हणजे न उघडलेला, एवढाच त्याचा अर्थ. अप्पा रात्री जेवल्यावर मेल उघडतात, "हां, बघू" म्हणतात आणि फोन ठेवतात. तो मेल मग साधा दिसतो आणि त्याला उत्तर दिल्यासारखं वाटतं. खरी खूण वेगळीच आहे. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी `me` लिहिलेलं असेल आणि ते शेवटी असेल, तर शेवटचं बोलणं आपलं आहे. नाव आहे, पुढे ३ असा आकडा आहे, पण `me` कुठेच नाही, तर समोरच्याने तीनदा लिहिलंय आणि आपण एकदाही नाही. असा मेल ठळक असो नसो, वर आलाच पाहिजे.

विषयावरही फार विसंबता येत नाही. "बारदाना मागणी" असा सप्टेंबरचा विषय, आणि त्याच साखळीत आता माणूस तुरीचा भाव विचारतोय. विषय पहिल्या मेलचा राहतो, खालची ओळ मात्र ताज्या मेलची असते. दोन्हींचा मेळ नसेल तर ओळ धरायची.

६ नोव्हेंबर

आज मार खाल्ला. नीट लिहून ठेवते, कारण यात चूक कुठे झाली ते मला दुपारपर्यंत कळलंच नाही.

सकाळच्या फोटोत एका प्लांटचा मेल होता. आम्ही सोयाबीनला ४,५५० भाव सांगितला होता, त्याचं उत्तर. दिसत होतं ते एवढं:

"आपला ४,५५० रुपये क्विंटलचा दर आम्हाला मान्य…"

मी यादीत दुसऱ्या नंबरला घेतला आणि पुढे लिहिलं: "धन्यवाद, उद्या सकाळी गाडी भरतो." अप्पांनी तसंच्या तसं पाठवलं. अकरा वाजता प्लांटवरून फोन आला, "अहो, आम्ही नाही म्हणालोय आणि तुम्ही गाडी कसली भरताय?" मेल उघडून बघितला तर पूर्ण वाक्य असं होतं: "आपला ४,५५० रुपये क्विंटलचा दर आम्हाला मान्य करता येणार नाही, ४,४०० ला तयारी असल्यास कळवावे."

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हमालांना थांबवलं, आणि ते जास्त लागलं.

संध्याकाळी बसून विचार केला तर गोम सापडली. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" तर त्याच्याही मागे. स्क्रीन वाक्य कापते ती उजवीकडून, शेवटाकडून. म्हणजे मराठी मेलच्या तुकड्यात नेमकं होकार-नकाराचं टोकच उडतं. "पेमेंट आज करण्यात…" आलं की येणार नाही? "माल स्वीकारण्यास…" हरकत नाही की असमर्थ आहोत? इंग्रजी मेलला हा त्रास कमी आहे. तिथे नकाराचा शब्द सहसा वाक्यात लवकर येतो, त्यामुळे अर्ध्यावर कापलं तरी दिशा कळते. मराठीत अर्ध्या वाक्याला दिशाच नसते.

७ नोव्हेंबर

कालच्यावर दोन उपाय.

पहिला अगदी गावठी आहे पण कामाचा. फोन आडवा धरून स्क्रीनशॉट काढायचा. आडव्या स्क्रीनवर ओळ लांब होते आणि पाच-सहा शब्दांऐवजी दहा-बारा दिसतात. अप्पांच्या फोनची अक्षरं मोठी केलेली आहेत. ती लहान करा म्हणणं बरं दिसत नव्हतं, चष्म्याचा विषय निघाला असता. आडव्यावर भागलं. एका फोटोत मेल कमी मावतात, म्हणून आता दोन-तीन फोटो येतात आणि त्यांच्या कडेचे मेल दोन्हीकडे दिसतात. तो मेल दोनदा यादीत घेऊ नये म्हणून नाव आणि वेळ दोन्ही जुळवून बघते.

दुसरा उपाय माझ्यापुरता नियम आहे: क्रियापद दिसत नसेल तर उत्तर लिहायचं नाही. त्या मेलपुढे फक्त "उघडून वाचा" असं लिहायचं आणि काय शोधायचं तेही लिहायचं. "मान्य आहे की नाही ते बघा" एवढं सांगितलं तरी अप्पांना पाच सेकंद लागतात. ओळ दिली नाही म्हणून यादी अपुरी वाटते, पण कालच्यापेक्षा बरी.

उत्तराच्या ओळीबद्दलही एक ठरवलं. त्यात भाव, गाडी आणि पैशाची तारीख यातलं काही माझ्या मनाने घालायचं नाही. "मेल मिळाला, आता याची पुढची पायरी अमुक, ती तमुक वेळेपर्यंत करतो" असं लिहायचं, आणि ती वेळही मला स्वतःला पाळता येईल अशीच. नुसतं "मेल मिळाला, कळवतो" असंही नको. त्याने समोरचा माणूस शांत होत नाही, उलट चिडतो.

११ नोव्हेंबर

आज पहिल्यांदा यादी मनासारखी झाली, म्हणून ती पूर्ण लिहिते. फोटो आडवे, दोन. वरच्या पट्टीत ७:१२ दिसत होते. ही वेळ मी आता आधी बघते, कारण अप्पा कधी कधी सकाळी काढलेला फोटो दुपारी पाठवतात. एकूण आठ मेल होते, वरून खाली असे:

सकाळी ६:५८, ठळक. अवजारांची जाहिरात, "खास सवलत, फक्त आजच".

सकाळी ६:४०, साधा. ट्रान्सपोर्टवाला: "गाडी रात्रीपासून प्लांटच्या गेटवर उभी आहे, आत घ्यायला लॉटचा नंबर मागायलेत…"

१० नोव्हेंबर, ठळक. सीएंचं ऑफिस: "जीएसटीआर-१ ची उद्या शेवटची तारीख आहे, ऑक्टोबरची दोन विक्री बिले मिळालेली नाहीत…"

१० नोव्हेंबर, ठळक. सरकारी कार्यालय, विषय "माहिती सादर करणेबाबत (अत्यंत तातडीचे)". ओळ: "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की…" सोबत एक पीडीएफ.

१० नोव्हेंबर, साधा. सहा तारखेचाच प्लांट, आकडा ५, शेवटी `me`.

९ नोव्हेंबर, साधा. एका सभासदाचा मुलगा, पुण्याहून, आकडा ३, `me` नाही: "वडिलांनी २२ ऑक्टोबरला ३४ कट्टे घातले, अजून पैसे…"

९ नोव्हेंबर, ठळक. बँकेसारखं नाव: "केवायसी अपडेट न केल्यास खाते आज बंद…"

८ नोव्हेंबर, साधा. शेजारच्या तालुक्यातली एक कंपनी: "हरभऱ्याचं बियाणं ४० बॅगा मिळेल का, पेरण्या सुरू झाल्यात…"

ओरडण्याच्या हिशोबाने लावलं असतं तर जाहिरात, बँक आणि सरकारी मेल वर गेले असते. तिघांतही "आज" किंवा "तातडीचे" आहे. मी दुसरं विचारते: आपल्या उत्तरावाचून आत्ता कोण उभं आहे, आणि ते किती वेळ उभं राहू शकतं?

गाडी पहिली. ड्रायव्हर रात्रीपासून उभा, प्रत्येक तासाला हॉल्टिंग चढतं आणि मागितलंय काय तर एक नंबर. तो माझ्या वहीत आहे. ओळ: "लॉट नंबर १७, वजनपावतीचा फोटो सोबत जोडला आहे, गेटवर अडचण आल्यास लगेच फोन करा."

सीए दुसरे. इथे जरा थांबले. मेलमध्ये "उद्या" लिहिलंय, पण मेल दहा तारखेचा आहे, म्हणजे तो उद्या म्हणजे आज. मेलमधलं "आज", "उद्या", "परवा" नेहमी त्या ओळीच्या तारखेवरून मोजावं लागतं, फोटो बघण्याच्या दिवसावरून नाही. विक्रीचं विवरण दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. ते चुकलं तर विलंब शुल्क तर आहेच, शिवाय आपली बिलं प्लांटच्या त्या महिन्याच्या खरेदीच्या तक्त्यात, म्हणजे जीएसटीआर-२बी मध्ये, दिसत नाहीत, कारण तो तक्ता १४ तारखेला तयार होतो. मग सोयाबीनवरच्या ५ टक्के जीएसटीचं क्रेडिट प्लांटला लांबतं आणि तेवढे पैसे ते आपले अडवून धरतात. तरी गाडीच्या खाली ठेवलं, कारण सीएंचं ऑफिस दहाला उघडतं आणि गाडी आत्ता उभी आहे. ओळ: "ऑक्टोबरची राहिलेली दोन्ही बिले सकाळी ११ पर्यंत मेल करतो, आणखी काही कमी असल्यास त्याआधी सांगा."

तिसरा पुण्याचा मुलगा. इथेही वाक्य कापलंय, पण "अजून पैसे" च्या पुढे काय असणार ते कोणालाही कळतं, आणि तीनदा लिहूनही `me` नाही. मी खरेदीची वही काढली. २२ ऑक्टोबर, ३४ कट्टे, पावती आहे. पैसे गेलेत की नाही ते वहीत नाही, बँकेच्या उताऱ्यात असणार. म्हणून "दोन दिवसांत जमा होतील" असं लिहायचा मोह आवरला. ओळ: "३४ कट्ट्यांची पावती आमच्या वहीत आहे, पैसे कुठे अडलेत ते आज बँकेत विचारून संध्याकाळी ५ पर्यंत तुम्हाला फोन करतो, उत्तराला उशीर झाला त्याबद्दल माफी असावी." ओळ जरा लांब झाली, पण तिसऱ्यांदा लिहिणाऱ्याला माफीशिवाय उत्तर देणं मला जमत नाही.

चौथं हरभऱ्याचं बियाणं. तारखेने हा सगळ्यात जुना. पेरणी एकदा उरकली की त्या माणसाला आपल्या उत्तराचा काडीचा उपयोग नाही, त्यामुळे याला उद्यावर टाकणं म्हणजे न देणंच. ओळ: "४० बॅगांची मागणी मिळाली, गोदामातली शिल्लक मोजून दुपारी २ पर्यंत हो की नाही कळवतो, भाव अध्यक्ष सांगतील."

पाचवा सरकारी, आणि याला ओळ नाही. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की" एवढ्यातच दिसणारी सगळी जागा संपते. फोन आडवाच काय, भिंतीएवढा केला तरी "की" च्या पुढचं दिसेल याची खात्री नाही, कारण बऱ्याचदा पुढे "सोबतचे पत्र पाहावे" असतं आणि खरी तारीख पीडीएफमध्ये स्कॅन करून टाकलेली असते. यादीत लिहिलं: "पीडीएफ उघडा, शेवटच्या परिच्छेदातली तारीख मला सांगा."

बाकी तिघांना उत्तर नाही. प्लांटच्या साखळीत शेवटचं बोलणं आपलं आहे, चेंडू त्यांच्याकडे. जाहिरात जाऊ द्या. बँकवाल्याबद्दल मात्र ठळक लिहिलं: "उत्तर देऊ नका, आतली लिंक दाबू नका, शंका असेल तर शाखेत जाऊन विचारा." यादीत दिसतं ते पाठवणाऱ्याने स्वतः ठेवलेलं नाव असतं, मेलचा पत्ता नाही. कोणीही बँकेचं नाव लावू शकतं, आणि फोटोवरून खरं-खोटं ठरवायला माझ्याकडे काहीच साधन नाही.

७:४० ला यादी पाठवली.

१२ नोव्हेंबर

कालचं काय झालं ते. सीए, मुलगा आणि बियाणं या तिघांच्या ओळी जशाच्या तशा गेल्या. मुलाच्या वडिलांचे पैसे खात्याचा जुना आयएफएससी कोड टाकल्यामुळे परत आले होते, नवीन कोड घेऊन पुन्हा पाठवले. बियाण्याच्या २५ बॅगाच निघाल्या, तेवढ्या गेल्या. सरकारी पत्रातली तारीख २० निघाली, म्हणजे "अत्यंत तातडीचे" ला नऊ दिवस होते.

गाडीचं मात्र हसू आलं. अप्पांनी सात वाजताच ड्रायव्हरला फोनवर नंबर सांगितला होता आणि माझी यादी पोचेपर्यंत गाडी आत गेलेली होती. "ते तर कवाच झालं की," म्हणाले. फोटोत फोन दिसत नाहीत. आमच्याकडे निम्मा कारभार फोनवर चालतो, त्यामुळे यादीतलं पहिलं काम बऱ्याचदा आधीच झालेलं असणार. आता यादीच्या आधी मी एक ओळ विचारते: "यातलं फोनवर काय काय झालं?" अप्पा नुसते आकडे टाकतात, "१, ४". तेवढं पुरतं.

१४ नोव्हेंबर

आज फक्त तीन मेल. एक इंग्रजीत होता, त्याला इंग्रजीतच ओळ दिली. अप्पा म्हणाले मराठीत दे. पण ज्या भाषेत विचारलंय त्याच भाषेत उत्तर गेलेलं बरं, तिकडे वाचणारा माणूस नागपूरचा आहे की इंदूरचा, आपल्याला काय ठाऊक. अप्पांनी पाठवण्याआधी मला त्याचा अर्थ विचारला. हे चांगलं झालं, अर्थ न कळता ओळ चिकटवलेली मला नको आहे.

१८ नोव्हेंबर

दोन आठवडे झाले आणि मी एक गोष्ट रोज बघूनही बघितली नव्हती. फोटोच्या अगदी वर, यादीच्या डोक्यावर, `Primary` असं लहान अक्षरात असतं.

काल एका प्लांटचा हिशोब आला. त्यात एका गाडीला ओलाव्याची कपात लावलेली. प्लांटच्या अटीत ओलावा १० टक्के, आपला माल त्यांच्याकडे १२.१ निघाला. आमच्या मीटरवर तो १०.३ होता. अप्पांनी फोन केला तर ते म्हणाले, तपासणीचा अहवाल १२ तारखेलाच मेल केलाय, हरकत असेल तर दोन दिवसांत कळवा असंही लिहिलंय, तुमच्याकडून काहीच आलं नाही.

माझ्या १२ आणि १३ च्या दोन्ही याद्या पुन्हा तपासल्या, फोटो मोठे करून बघितले. तो मेल कुठेच नाही. शेवटी अप्पांच्या फोनवर शोधला तर तो `Updates` मध्ये होता. प्लांटच्या काट्यावरचं सॉफ्टवेअर अहवाल आपोआप पाठवतं, म्हणून जीमेलने त्याला तिकडे टाकलेलं. माणसाने लिहिलेले मेल सहसा `Primary` मध्ये आणि यंत्राने पाठवलेले शेजारच्या खोलीत. आमच्या धंद्यात पैशाचा निकाल बऱ्याचदा यंत्रच पाठवतं.

उशिरा का होईना, उत्तर लिहिलं: "१२ तारखेचा अहवाल आज पाहिला, आमच्या मीटरवरची नोंद आणि भरतेवेळचा नमुना जपून ठेवला आहे, दोन्ही बाजूंसमोर फेरतपासणी करता येईल का ते कळवावे." नमुन्याची पिशवी खरंच आहे, अप्पा प्रत्येक लॉटचा एक किलो बांधून ठेवतात. मुदत गेलेली आहे, तेव्हा ते ऐकतील असं वाटत नाही.

उद्यापासून `Primary` चे फोटो आणि त्यानंतर `Updates` चा एक. अप्पांना दाखवलं कुठे दाबायचं ते. म्हणाले, "अजून एक खोली? त्याच्या आत अजून किती हायत?" स्पॅम दाखवायचं राहिलंय, ते परवा.